जेवताना घास अडकला तर: मोठ्या माणसांच्या बाबतीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रथमोपचाराच्या वर्गात या विषयावर इतके प्रश्न येतात की शेवटी ते एकत्र लिहून काढले. इथलं सगळं मोठ्या माणसांसाठी आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पोट दाबायचं नसतं, त्याची पद्धत वेगळी आहे. म्हणून इथलं वाचून बाळावर प्रयोग करू नका.

ठसका लागणं आणि घास अडकणं यात फरक काय?

घशाच्या मागे दोन वाटा आहेत. पुढची श्वासनलिकेची आणि मागची अन्ननलिकेची. आपण गिळतो तेव्हा क्षणभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावरची छोटी झडप मिटते आणि घास मागच्या वाटेने उतरतो. बोलता बोलता किंवा हसता हसता गिळलं की ही वेळ चुकते. आमटीचा थेंब किंवा भाताचं शीत पुढच्या दारात जातं आणि शरीर ते खोकून बाहेर फेकतं. हा ठसका. "वर बघ, वर बघ" म्हणत आपण टाळूवर थापट्या मारतो, तोवर खोकला आपलं काम करून मोकळा झालेला असतो आणि श्रेय थापट्यांना मिळतं.

घास अडकणं म्हणजे त्याच दारात काहीतरी मोठं येऊन बसणं. मटणाचा नीट न चावलेला तुकडा, चपातीचा गोळा, सुका लाडू, केळ्याचा मोठा तुकडा. तो थोडी फट ठेवून बसला की अर्धवट अडथळा आणि फट उरलीच नाही की पूर्ण अडथळा. यातलं काय झालंय त्यावर तुम्ही काय करायचं ते ठरतं, कारण दोन्हींचे उपाय जवळजवळ उलट आहेत.

अर्धवट की पूर्ण, हे घाईत कसं ओळखायचं?

कानाने. डोळ्यांनी नंतर.

आवाज निघण्यासाठी हवा लागते. माणूस जोरात खोकतोय, मध्येच "पाणी... पाणी" म्हणतोय, दोन खोकल्यांच्या मध्ये श्वास ओढतोय, म्हणजे फट आहे. दिसायला हे भयंकर असतं. तोंड लाल, डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय. पण एवढा गोंगाट चालू आहे याचा अर्थ हवा आत-बाहेर होतेय.

पूर्ण अडथळा शांत असतो आणि घोटाळा तिथेच होतो. तोंड उघडं, पण खोकला नाही. छाती हलवायचा प्रयत्न दिसतो, पण हवेचा आवाज नाही. हात आपोआप गळ्याकडे जातात, डोळे मोठे होतात, माणूस खुर्चीवरून ताडकन उठतो. थोड्याच वेळात ओठ, जीभ आणि नखं निळसर-राखाडी पडू लागतात. सावळ्या माणसाच्या चेहऱ्यावर हा बदल लवकर कळत नाही, ओठांच्या आतल्या बाजूला बघा.

मग समोर उभं राहून सरळ विचारा, "काका, घशात अडकलंय का? बोलता येतंय का?" त्यांनी नुसती मान हलवली आणि आवाज फुटला नाही, तर पूर्ण अडथळा समजा. "हो... अडकलंय" असे शब्द आले, तर अर्धवट. या एका प्रश्नाने हृदयविकाराचा झटका आणि घास अडकणं यांतली गल्लतही बऱ्याचदा टळते. झटका आलेला माणूस सहसा बोलू शकतो.

मधली एक अवस्थाही आहे आणि ती फसवी आहे. खोकला आहे, पण क्षीण, पोकळ, कुरकुरल्यासारखा. श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा बारीक आवाज येतो. शब्द अर्धवट तुटतात. हा माणूस दमत चाललाय आणि फट मिटत चाललीय. याला "अजून खोकतोय ना" म्हणून सोडू नका, पूर्ण अडथळाच समजून कामाला लागा.

माणूस जोरात खोकत असेल तर पाठीत धपाटे घालायचे का?

नाही. खोकताना माणूस आधी छातीत हवा भरून घेतो, घशाचं दार बंद करून दाब वाढवतो आणि मग ते एकदम उघडतो. बाहेरून कुणी कितीही दाबलं तरी इतका नेमका जोर क्वचितच मिळतो. तुमचं काम एवढंच: "खोका, जोरात खोका" म्हणत राहा, थोडं पुढे वाकू द्या आणि जवळून हलू नका.

पाणी पाजू नका. आपल्याकडे हा हात आपोआप तांब्याकडे जातो. पण वाट अडलेली असताना ओतलेलं पाणी घास ढकलत नाही, ते वर साचतं आणि श्वासाबरोबर आत ओढलं जाऊ शकतं. केळं किंवा भाताचा गोळा गिळायला लावणंही नको, दारात बसलेल्या वस्तूवर दुसरी वस्तू कशाला ठेवायची? पाणी द्यायचं ते सगळं मोकळं झाल्यावर, घोटघोट.

आणि त्यांना एकटं बाथरूमकडे जाऊ देऊ नका. चारचौघांत खोकताना लाज वाटते म्हणून माणसं उठून आत जातात, कडी लावतात आणि नेमका तिथे अडथळा पूर्ण होतो. कुणी खोकत उठलं की मागोमाग जा. उद्धट वाटलं तरी चालेल.

पूर्ण अडथळा आहे हे कळलं. आता?

शेजारच्याला नाव घेऊन सांगा, "सुनील, १०८ लाव." नुसतं "कुणीतरी फोन करा" म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे, ११२ ही चालतो. तुम्ही एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवा आणि हात रिकामे ठेवा.

आधी पाठीवर ५ थापा. त्यांच्या बाजूला, किंचित मागे उभे राहा. एका हाताने छातीला आधार द्या आणि कंबरेतून चांगलं पुढे वाकवा, इतकं की डोकं छातीपेक्षा खाली येईल. ताठ उभ्या माणसाच्या पाठीवर मारलं तर सुटलेला तुकडा परत खालीच जायची भीती असते. वाकवलं की तो तोंडाकडे येतो. दुसऱ्या हाताच्या तळव्याचा मनगटाकडचा टणक भाग, खांद्यांच्या दोन पात्यांच्या मधोमध. प्रत्येक थाप स्वतंत्र आणि खरी जोरदार. शाबासकीची थाप नको. प्रत्येक थापेनंतर क्षणभर बघा, सुटलं का? सुटलं तर पाच पुऱ्या करायची गरज नाही.

सुटलं नाही तर पोटावर ५ झटके. मग पुन्हा पाठ, पुन्हा पोट. तुकडा बाहेर येईपर्यंत, माणूस बोलू किंवा जोरात खोकू लागेपर्यंत, किंवा तो बेशुद्ध पडेपर्यंत हे चक्र थांबत नाही.

पोटावरचा झटका नेमका कुठे आणि कसा द्यायचा?

मागे उभे राहा आणि एक पाय त्यांच्या दोन पायांच्या मध्ये पुढे ठेवा, म्हणजे ते कोसळले तर तुमच्या मांडीवर टेकतील. दोन्ही हात कंबरेभोवती घाला. बेंबी बोटाने शोधा. एका हाताची मूठ वळा आणि अंगठ्याची बाजू पोटाला लागेल अशी ती बेंबीच्या जरा वर ठेवा. छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक हाताला लागतं, मूठ त्याच्यापासून बरीच खाली हवी. दुसऱ्या हाताने मूठ घट्ट धरा. आता एकदम आत आणि वर ओढा. इंग्रजी 'जे' अक्षर काढल्यासारखी हालचाल, आधी पाठीच्या कण्याकडे, मग छातीकडे.

नुसतं आवळून धरण्याचा उपयोग नाही, बघणाऱ्याला ते मिठी मारल्यासारखं दिसतं आणि आत काहीच होत नाही. फुप्फुसांत अजून हवा शिल्लक आहे. पोट एकदम आत गेलं की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर सरकतो आणि ती हवा दाबली जाते. लोहाराचा भाता झटकन दाबावा तसं. हळू दाबलात तर दाब तयार होत नाही. म्हणून प्रत्येक झटका वेगळा, मध्ये हात सैल करून.

जोर बरगड्यांवर लावू नका. तुमची कोपरं बाहेरच्या बाजूला असली की हात बरगड्यांना आवळत नाहीत.

एखादा प्रसंग पहिल्या क्षणापासून सांगाल का?

वर्गात मी सांगते तो प्रसंग दोन-तीन घटना जोडून केलेला आहे. रविवारचं जेवण, मटण-भाकरी. ७० वर्षांचे काका, वरची कवळी बसवलेली, भाच्याशी क्रिकेटवर वाद घालत जेवतायत. कवळी असली की टाळूला घासाचा आकार नीट कळत नाही, त्यामुळे तुकडा केवढा आहे याचा अंदाज चुकतो. काका बोलता बोलता थांबतात, जोरात खोकतात.

सून तांब्या पुढे करते. भाचा तो बाजूला सारतो. "मामा, खोका, जोरात खोका." इथपर्यंत अर्धवट अडथळा आणि केलंय ते बरोबर. पंधरा-वीस सेकंदांनी खोकला पातळ होतो, मग शीळ, मग काहीच नाही. काका उठतात, मोरीकडे निघतात. सून म्हणते, "बरं वाटलं वाटतं, खोकला थांबला." नेमकी हीच चूक सगळ्यात जास्त होते. खोकला थांबला, पण शब्द आला नाही. बरं वाटलेला माणूस बोलतो, निदान शिवी तरी देतो.

भाचा समोर जाऊन विचारतो, "मामा, बोलता येतंय?" मान हलते, आवाज नाही. तो बायकोला १०८ लावायला सांगतो, मामांना वाकवतो, पाच थापा देतो. काही नाही. मागे जातो, मूठ ठेवतो. पहिल्या दोन झटक्यांना फक्त मामा हलतात. भाच्याच्या लक्षात येतं की मूठ बरगडीला लागतेय, तो ती चार बोटं खाली आणतो. तिसऱ्या झटक्याला घुसमटल्यासारखा आवाज, चौथ्याला तुकडा आणि कवळी दोन्ही जमिनीवर. मोठा श्वास, मग रडल्यासारखा खोकला. सुरुवातीपासून दीड मिनिट झालेलं असतं, घरच्यांना ते पंधरा मिनिटांचं वाटतं.

मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर साधारण चार मिनिटांनंतर कायमची इजा होऊ लागते. रुग्णवाहिका इतक्या लवकर येणं कठीण. म्हणून फोन करायचाच, पण फोन करून वाट बघत बसायचं नाही.

काही जण म्हणतात फक्त पोट दाबा, पाठीवर मारू नका. खरं काय?

हा गोंधळ खरा आहे आणि त्याला इतिहास आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत एका डॉक्टरांनी 'कॅफे कॉरोनरी' असा शब्द वापरला. हॉटेलात जेवता जेवता माणसं कोसळत, सगळ्यांना वाटे हृदयविकार, आणि तपासणीत घशात मांसाचा तुकडा सापडे. पुढे १९७४ मध्ये सिनसिनाटीचे शल्यचिकित्सक हेन्री हाइमलिक यांनी पोटावरच्या झटक्याची पद्धत मांडली. पाठीवरच्या थापांना त्यांचा कडवा विरोध होता. अमेरिकन हार्ट असोसिएशनही पुढे बरीच वर्षं मोठ्यांसाठी फक्त पोटावरचे झटकेच शिकवत होती. युरोपात मात्र पाच थापा आणि पाच झटके ही जोडी चालू होती.

२०२५ च्या नव्या मार्गदर्शनात अमेरिकन हार्ट असोसिएशननेही आधी ५ थापा, मग ५ झटके असा क्रम स्वीकारला. तेव्हा तुम्ही पूर्वी कुठे दुसरं शिकला असाल तर ते शिकवणारे खोटं बोलत नव्हते. पण आता हाच क्रम वापरा. आणि थापा देता येत नसतील, जागा अडचणीची असेल, तर थेट झटके द्या. काहीच न करता क्रम आठवत उभं राहण्यापेक्षा ते बरं.

माणूस बेशुद्ध पडला तर?

पडू न देता हळूच जमिनीवर आडवं करा, पाठीवर. १०८ ला फोन झालेला नसेल तर आत्ता करा. आता पोटावर झटके नाहीत, सीपीआर. छातीच्या मध्यभागी दोन्ही हात एकावर एक ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं. छाती दाबल्यानेही फुप्फुसांत दाब तयार होतो, त्यामुळे याने अडथळाही हलू शकतो.

३० दाबांनंतर श्वास देण्यासाठी तोंड उघडाल, तेव्हा आत बघा. तुकडा डोळ्यांना दिसला तर बोटांनी काढा. दिसला नाही तर बोट घालू नका. दोन श्वास द्यायचा प्रयत्न करा, छाती वर आली नाही तर डोकं पुन्हा नीट मागे झुकवून बघा आणि परत दाबायला लागा. श्वास देणं शिकलेलं नसेल तर नुसते दाब चालू ठेवा.

बोट घालून काढायला काय हरकत आहे? आमची आजी तसंच काढायची.

आजीला तुकडा दिसत असेल. न दिसता बोट फिरवलं तर तो आणखी आत सरकतो, घसा सोलवटतो, उलटी होते. शुद्धीत असलेला माणूस तर घाबरून करकचून चावतो. तुकडा दिसतोय आणि सहज चिमटीत येतोय, तरच काढा.

गरोदर बाई किंवा फार स्थूल माणूस असेल तर पोट कसं दाबायचं?

दाबायचं नाही. पाठीवरच्या थापा तशाच द्यायच्या. झटके मात्र छातीवर. मागून हात काखांखालून घ्या, मूठ छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवा, अगदी खालच्या टोकावर नको, आणि सरळ मागे ओढा. ज्यांच्या कंबरेला तुमच्या हातांचा विळखा पुरत नाही त्यांनाही हेच. माणूस व्हीलचेअरवर असेल तर चाकांना ब्रेक लावा आणि खुर्चीच्या मागून, गुडघे टेकून किंवा वाकून हेच करा.

मी एकटीच घरी आहे आणि माझाच घास अडकला तर?

जोरात खोकता येतंय तोवर खोकत राहा. आवाज बंद झाला की फोन लावून उचलल्यावर तसाच चालू ठेवा, बोलता आलं नाही तरी. जमलं तर दार उघडून बाहेर या, शेजाऱ्याचं दार बडवा. मग स्वतःची मूठ बेंबीच्या वर ठेवून दुसऱ्या हाताने आत-वर झटका द्या. जोर पुरत नसेल तर खुर्चीच्या पाठीच्या काठावर, ओट्याच्या कडेवर पोटाचा तोच भाग टेकवून अंग झोकून द्या. कडा टोकदार नको.

तुकडा निघाला, माणूस हसतोय. डॉक्टरकडे जायलाच हवं का?

पोटावर किंवा छातीवर झटके दिले असतील तर हो, त्याच दिवशी. यकृत, प्लीहा, जठर किंवा बरगड्या यांना इजा होऊ शकते आणि पहिल्या तासात ती कळत नाही. पोटात वाढत जाणारी दुखरी कळ, चक्कर, घाम, उलटी आली तर थांबूच नका. डॉक्टरांना "झटके दिले होते" हे स्पष्ट सांगा, नाहीतर ते फक्त घसा बघतील.

नुसत्या खोकल्याने सुटलं असेल तर दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. खोकला थांबत नाही, श्वासात शीळ येते, ताप येतो, आवाज बसलेला राहतो किंवा काहीतरी अजून आत आहे असं वाटतं, तर तुकड्याचा भाग फुप्फुसात उतरला असण्याची शक्यता असते. शेंगदाण्याचा अर्धा दाणाही तिथे जाऊन बसतो आणि काही दिवसांनी न्यूमोनिया होतो.

वडील बोलतात, श्वास घेतात, पण घास छातीत अडकलाय म्हणतात. झटके देऊ?

नको, ही वेगळी गोष्ट आहे. घास श्वासनलिकेत नसून अन्ननलिकेत अडकलाय. बोलणं स्वच्छ, ओठ लाल, फक्त छातीच्या मध्ये दाटल्यासारखं वाटतं आणि पुढचं काही गिळता येत नाही. यात वेळ मिनिटांत मोजायची नसते. थोडा वेळ शांत बसवा, काही खायला देऊ नका.

स्वतःची थुंकीही गिळता येत नसेल, तोंडातून लाळ गळत असेल, किंवा छातीत तीव्र वेदना असेल तर लगेच रुग्णालयात न्या. तिथे दुर्बीण घालून तो घास काढतात किंवा खाली ढकलतात. लाळ गिळता येत असली तरी घास काही तासांत उतरला नाही तर त्याच दिवशी दाखवा. आणि उतरल्यावर विषय संपवू नका. असं पूर्वीही झालं असेल तर अन्ननलिका अरुंद झाली आहे का, हे तपासून घ्यावं लागतं. माशाचा काटा किंवा हाड टोचत असेल तर भाताचे गोळे गिळून ते ढकलायचा प्रयत्न करू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चिमट्याने काढून घ्या.